परतीचे वचन आणि त्याची किंमत

उदाहरणादाखल सांगलीतील एक घर घ्यावे. मार्केट यार्डात हळदीची अडत पेढी, व्यवहार तीन पिढ्यांचा. घरातील थोरली कन्या यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्याजवळ वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात चार वर्षे काम करीत आहे. मासिक वेतन पंचाहत्तर हजार रुपये. इंग्लंडमधील एका विद्यापीठात पुरवठा साखळी व्यवस्थापनाच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास तिला प्रवेश मिळाला. शुल्काची सोय काही घरच्या पुंजीतून, काही बँकेच्या शैक्षणिक कर्जातून झाली. नोकरीचे काय करावे, एवढाच प्रश्न राहिला.

तिने राजीनामा न देता बिनपगारी रजा मागितली. वरिष्ठांनी आनंदाने मान डोलावली आणि पंधरा दिवसांनी मनुष्यबळ विभागाकडून सहा पानांचा मसुदा आला. रजा तेरा महिन्यांची, वेतन शून्य. परतल्यावर तीन वर्षे नोकरी करण्याचे बंधन, मोडल्यास दहा लाख रुपये. जामीनदार म्हणून वडिलांची सही आणि सोबत त्यांच्या पेढीच्या खात्याचे दोन कोरे धनादेश.

संध्याकाळी सौदे आटोपल्यावर वडिलांनी मसुदा वाचला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कंपनी तुझ्या शिक्षणासाठी किती रुपये देणार आहे?"

"काहीच नाही, अण्णा. रजा बिनपगारी आहे."

"मग दहा लाख कशाचे?"

या एका प्रश्नात या विषयाचे मर्म आहे. आज अनेक व्यापारी घराण्यांतील मुले-मुली नोकरी करतात, मध्येच परदेशी शिकावयास जातात आणि अशा कागदांवर घरातील वडीलधाऱ्यांच्या सह्या मागितल्या जातात. दुसऱ्या बाजूस हीच घराणी स्वतः मालकही आहेत. त्यांच्या पेढीतील एखादा होतकरू हिशेबनीस उद्या अशीच रजा मागू शकतो. दोन्ही बाजूंनी हा कागद नीट समजून घ्यावा असा आहे.

वचन काय बांधते, काय बांधत नाही

बंधपत्र म्हणजे माणसाला नोकरीस जखडून ठेवणारी साखळी, असा एक समज आहे. कायदा तसे मानत नाही. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पार पाडावयास लावत नाही. परत न आलेल्या कर्मचाऱ्यास "कामावर हजर हो" असा हुकूम मिळत नाही. मालकाच्या हाती उरतो तो पैशाचा दावा.

तथापि बंधपत्र म्हणजे निव्वळ धाक, त्याला न्यायालयात किंमत नाही, हा उलट समजही तितकाच चुकीचा आहे. १८७२ च्या करार कायद्यातील कलम २७ व्यवसायावर निर्बंध घालणारे करार रद्दबातल ठरविते. परंतु नोकरी चालू असतानाच्या काळापुरते घातलेले वाजवी बंधन त्या कलमात अडकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच निरंजन शंकर गोलीकरी यांच्या खटल्यात सांगितले. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात हाच विचार पुन्हा पुढे आला. बँकेने एका अधिकाऱ्याची नेमणूक करताना किमान तीन वर्षे सेवा, न केल्यास दोन लाख रुपये भरपाई अशी अट घातली होती. तीन वर्षे पुरी होण्याआधी तो अधिकारी दुसऱ्या बँकेत गेला, रक्कम निषेध नोंदवून भरली आणि न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. सार्वजनिक बँकेस नवी भरती करताना खर्चिक प्रक्रिया पार पाडावी लागते आणि त्या पदाच्या वेतनाच्या मानाने दोन लाख ही रक्कम अवाजवी नाही, असे त्या निर्णयाचे सूत्र आहे.

म्हणजे सर्व भिस्त "वाजवी" या शब्दावर येते. करार कायद्याचे कलम ७४ याचे माप देते. करारात भरपाईचा आकडा लिहिला असला तरी करार मोडताच तो संपूर्ण आकडा आपोआप मिळत नाही. मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. दहा लाख लिहिले म्हणून दहा लाख मिळतील असे नाही. पण दहा लाख लिहिले असतील तर वाद दहा लाखांवर सुरू होतो, आणि तो लढण्याचा खर्च व मनस्ताप ज्याने सही केली त्याच्या वाट्यास येतो. म्हणून आकडा न्यायालयात कमी करून घेण्यापेक्षा सही करण्यापूर्वी टेबलावर कमी करून घेणे शहाणपणाचे.

आकडा कसा काढावा

पगारी अभ्यासरजेत मालकाचा खर्च उघड असतो: रजेतील वेतन, शुल्क, प्रवासभाडे. ते परत मागणे सरळ आहे. बिनपगारी रजेत यातले काहीच नसते. तरीही मालकाचा तोटा शून्य असतो असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. जागा तेरा महिने राखून ठेवावयाची, तोवर दुसऱ्या कोणाकडून काम करून घ्यावयाचे, याला खर्च आहे. तो मोजता येतो.

सांगलीच्या त्या वडिलांनी कन्येला तोच हिशेब मांडावयास सांगितला. तात्पुरता माणूस करारावर घेतला तर त्याला महिना अठ्ठ्याऐंशी हजार द्यावे लागतील, असे तिच्या विभागातच बोलले जात होते. तिचे पंचाहत्तर हजार वाचणार, म्हणजे महिन्याला जादा खर्च तेरा हजार. तेरा महिन्यांचे एक लाख एकोणसत्तर हजार. माणूस शोधून देणाऱ्या संस्थेची दलाली एका महिन्याच्या वेतनाइतकी, अठ्ठ्याऐंशी हजार. काम समजावून देण्यासाठी पंधरा दिवस दोघेही हजर, त्याचे चव्वेचाळीस हजार. एकूण तीन लाख एक हजार. वाजवी आकडा दहा लाखांच्या आसपास कोठेही नव्हता. तो तीन लाखांवर येऊन थांबला.

आता हाच आकडा तिच्या बाजूने तपासून पाहावा. ती राजीनामा देऊन गेली तर बंधन कसलेच नाही. पण परतल्यावर नोकरी शोधण्यात तीन-चार महिने गेले, तर सव्वादोन ते तीन लाखांचे वेतन बुडणार, आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू होण्याची वेळही जवळ आलेली असणार. राखून ठेवलेली जागा तिला साधारण तेवढ्याच मोलाची आहे. देणे-घेणे जवळपास सारखे आले की सौदा रास्त झाला, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. दहा लाखांच्या अटीवर मात्र राजीनामाच स्वस्त पडला असता.

आकड्याइतकीच त्याची उतरण महत्त्वाची. मूळ मसुद्यात तीन वर्षांत केव्हाही नोकरी सोडली तरी पूर्ण दहा लाख देय होते; पस्तीस महिने काम करून छत्तिसाव्या महिन्यात सोडणाऱ्यास आणि परत न येणाऱ्यास एकच दंड. असे कलम दिसले की आकड्यामागे हिशेब नाही, हे ओळखावे. कारण प्रत्येक महिन्याच्या सेवेने मालकाचा तोटा भरून निघत असतो. वाटाघाटीअंती बंधन दोन वर्षांवर आले आणि तीन लाख चोवीस समान भागांत विभागले गेले: दर महिन्यास साडेबारा हजार कमी. चौदा महिने सेवा करून तिने नोकरी सोडली तर उरलेल्या दहा महिन्यांचे सव्वा लाख देय होतील.

तुलनेसाठी सरकारी पद्धत पाहण्यासारखी आहे, कारण तिचे नियम छापील आहेत. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांत, सार्वजनिक हिताच्या अभ्यासासाठी नियम शिथिल करून बिनपगारी असाधारण रजा दिली तर बंधपत्र घेतले जाते. न परतल्यास, किंवा परतल्यावर तीन वर्षांच्या आत सेवा सोडल्यास, सरकारने व अन्य संस्थेने प्रत्यक्ष केलेला खर्च व्याजासह परत करावयाचा असतो. मनाने ठरविलेला दंड तेथे नाही. प्रत्यक्ष खर्च हेच माप आहे. आणि जामीनदार म्हणून तेथे समान वा वरच्या दर्जाचे दोन कायम सरकारी कर्मचारी लागतात. व्यापारी वडिलांची सही तेथे चालत नाही.

तारखांचा सापळा

अशा कागदांत भांडणे पैशावरून होतात असे वाटते. पुष्कळदा ती तारखांवरून होतात. इंग्लंडमधील एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो. वर्ग उन्हाळ्यापर्यंत चालतात आणि प्रबंध पुढल्या सप्टेंबरच्या सुमारास सादर होतो. परीक्षक मंडळाचा निकाल त्यानंतर, बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात लागतो; पदवीदान त्याहून पुढे.

मूळ मसुद्यात दोन अटी होत्या: रजा तेरा महिन्यांची धरून ती १ ऑगस्टला सुरू, आणि परतल्यापासून पंधरा दिवसांत पदवी प्रमाणपत्र दाखविणे बंधनकारक. दोन्ही पाळणे अशक्य होते. पहिलीनुसार प्रबंध पुरा होण्यापूर्वीच परतावे लागले असते. दुसरीनुसार जे कागद विद्यापीठाने अद्याप दिलेच नाहीत ते दाखवावे लागले असते. दोन्हींपैकी एकही चुकली की "अटींचा भंग" आणि रक्कम देय. मसुदा लिहिणाऱ्याच्या मनात कपट होते असे नाही; त्याने भारतीय विद्यापीठाचे वर्ष डोळ्यांसमोर ठेवले होते.

दुरुस्ती साधी होती. रजा १ सप्टेंबर ते पुढील वर्षाची ३० सप्टेंबर, हजर होण्याची तारीख १ ऑक्टोबर. हजर होताना प्रबंध सादर केल्याचे विद्यापीठाचे पत्र पुरेसे. निकालपत्र ३१ जानेवारीपर्यंत. दोन वर्षांची गणना १ ऑक्टोबरपासून. विद्यापीठाने सादरीकरणाची तारीख स्वतःहून पुढे ढकलली तर तेवढे दिवस रजा वाढेल, पण तिने तीस दिवस आधी लेखी कळवावे.

आणखी एक अडचण वरकरणी मैत्रीची असते. "अधूनमधून तिकडून थोडे काम बघ" असे वरिष्ठ म्हणतात. विद्यार्थी व्हिसावर पदवी पातळीच्या अभ्यासक्रमास सत्रकाळात आठवड्याला वीस तासांची मर्यादा सामान्यतः असते आणि काम पगारी असो वा विनामोबदला, ते त्या मर्यादेत मोजले जाते. मर्यादा ओलांडल्यास व्हिसावर गदा येते. तेव्हा रजेच्या पत्रात, या काळात कंपनीचे कोणतेही काम अपेक्षित नाही, हे वाक्य असलेले बरे. वेतन नाही तर काम नाही, हे दोघांच्याही हिताचे.

कंपनीचे वचन कोठे आहे?

सहा पानांत कन्येने काय करावे याची एकवीस कलमे होती. कंपनी काय करील याचे एकच वाक्य: "योग्य पद उपलब्ध असल्यास पुन्हा सामावून घेतले जाईल." या वाक्याने सारा सौदा उलटा होतो. तिचे परतणे बंधनकारक, तिला जागा देणे मात्र ऐच्छिक. तेरा महिन्यांत वरिष्ठ बदलतो, विभाग दुसऱ्या गावी जातो, कधी कंपनीच विकली जाते. ज्याने तोंडी आश्वासन दिले तो माणूस त्या वेळी तेथे असेलच असे नाही.

म्हणून दोन स्वतंत्र कागद असावेत. पहिला रजा मंजुरीचा, अधिकार असलेल्या व्यक्तीच्या सहीचा. त्यात पदाचे नाव, परतल्यावरचे पद व वेतन आधीच्यापेक्षा कमी नसेल ही हमी, आणि ही रजा सेवेतील खंड मानली जाणार नाही हे वाक्य. शेवटचे वाक्य क्षुल्लक वाटते, पण उपदानासाठी, म्हणजेच ग्रॅच्युइटीसाठी, सेवा अखंड धरली जाणे त्यावर सुकर होते. भविष्य निर्वाह निधीत वेतन नसल्याने त्या महिन्यांत भरणा होत नाही; खाते मात्र तसेच राहते. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात आई-वडिलांची नावे असतील तर रजेच्या काळात तो चालू राहणार की नाही, हे आधीच विचारावे. तो बंद होणार असेल तर हप्ता स्वतः भरून चालू ठेवता येतो का हे पाहावे, नाहीतर घरचा वेगळा विमा त्याआधी घ्यावा. विमा बंद झाल्याचे रुग्णालयाच्या खिडकीवर कळू नये.

दुसरा कागद बंधपत्राचा. त्यात बंधन केव्हा संपुष्टात येते हे लिहिलेले हवे. कंपनीने ठरल्या तारखेस जागा दिली नाही तर. कंपनीने स्वतः तिला कामावरून कमी केले तर. व्हिसा नाकारला गेल्याने ती गेलीच नाही तर. गंभीर आजाराने अभ्यासक्रम अर्धवट सुटला आणि ती परत येऊन रुजू झाली तर. अभ्यासक्रमात अनुत्तीर्ण झाली पण ठरल्या दिवशी हजर झाली, तर वचन पाळले गेले असे मानावे. वचन परतण्याचे होते, गुणांचे नव्हते.

सव्वीस वर्षांच्या कन्येच्या घरी आणखी एक प्रश्न असतो, तो आईने विचारला. "या दोन वर्षांत हिचे लग्न ठरले आणि सासर हुबळीला किंवा बंगळूरला असले तर?" प्रश्न अवघड वाटला तरी तो आधी विचारण्याचाच आहे. कंपनीची दुसऱ्या शहरात शाखा असल्यास तेथे केलेली सेवाही बंधनात धरली जाईल, प्रसूती रजेचा काळ बंधनाच्या मुदतीत मोजला जाईल, आणि अन्यथा उरलेले हप्ते भरून मोकळे होता येईल, अशी तीन वाक्ये त्यांनी घालून घेतली. उतरता आकडा ठरला असल्याने प्रश्नाला उत्तर होते: एक वर्षाने गाव बदलावे लागले तर दीड लाख. स्थळ पाहताना हे देणे लपविण्याचे कारण उरले नाही.

जामीनदाराची सही

व्यापाऱ्याच्या घरात जामीन हा शब्द कोणास नवा नाही. तरी घरच्या माणसासाठी सही करताना हात चटकन पुढे होतो. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. कंपनीने आधी मुलीकडे वसुलीचा प्रयत्न करावा आणि मग वडिलांकडे यावे, असे बंधन नाही. मुलगी परदेशात आणि वडील सांगलीत पेढीवर बसलेले. नोटीस कोठे येईल हे सांगावयास नको. शिवाय शैक्षणिक कर्जातही तेच वडील सहकर्जदार असतात. दोन्ही भार एकाच खांद्यावर आहेत, हे सही करण्यापूर्वी वहीच्या एकाच पानावर मांडून पाहावे.

कायद्याने जामीनदारास एक कवचही दिले आहे. कलम १३३ सांगते की, जामीनदाराच्या संमतीवाचून मूळ करारात बदल केला तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. उदाहरणार्थ, कंपनी व मुलगी यांनी आपसांत ठरवून रजा आणखी वर्षभर वाढविली आणि बंधनाची रक्कम वाढविली, तर त्या वाढीव ओझ्यास वडील बांधील राहत नाहीत. परंतु छापील मसुद्यांत बहुधा शेवटच्या पानावर एक वाक्य असते: "यापुढील सर्व बदलांना जामीनदार आगाऊ संमती देत आहे." या एका वाक्याने ते कवच उतरवून ठेवले जाते. सांगलीच्या मसुद्यातही ते होते. ओळखीच्या वकिलांनी तेच प्रथम अधोरेखित केले. त्या जागी तीन वाक्ये आली: जामिनाची कमाल मर्यादा व्याज-खर्चासह तीन लाख, मुदत बंधनाच्या अखेरीपर्यंत, आणि प्रत्येक बदलास जामीनदाराची स्वतंत्र सही.

व्याजाचे कलमही पाहावे. मूळ मसुद्यात अठरा टक्के व्याज रजेच्या पहिल्या दिवसापासून होते, म्हणजे वचन मोडण्याच्या कितीतरी आधीपासून. देणे ज्या दिवशी निर्माण होते त्यानंतरच त्यावर व्याज चढते. येथे ते लेखी मागणीनंतर तीस दिवसांनी सुरू होईल असे ठरले.

राहिले कोरे धनादेश. वडिलांनी ते देण्यास नकार दिला आणि त्यांचे कारण पक्के होते. सही केलेला कोरा धनादेश दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला असे गृहीत धरले जाते आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर पडतो. बीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. धनादेश न वटल्यास कलम १३८ खाली फौजदारी खटला उभा राहतो. एक साधा पैशाचा वाद अशा रीतीने फौजदारी न्यायालयात जातो, तोही पेढीच्या खात्यावरून. "बाजारात तीस वर्षे मी कोणाला कोरा धनादेश दिला नाही, लेकीच्या वचनासाठी देऊ लागलो तर त्या वचनावर माझाच विश्वास नाही असे होईल," असे ते म्हणाले. कंपनीने आग्रह सोडला. मूळ पदवी प्रमाणपत्रे ताब्यात ठेवण्याची मागणीही अशीच नाकारावी. ती विद्यापीठात दाखविण्यासाठी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाती लागतात.

मोह आणि शब्द

हे सारे ठरल्यावरही एक गोष्ट कागदात मावत नाही. अभ्यासक्रम संपल्यावर इंग्लंडमध्ये राहून नोकरी करण्याची मुभा पदवीधर व्हिसावर मिळते. आतापर्यंत ती दोन वर्षांची होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ती अठरा महिन्यांची होणार आहे. तेथील वेतनातून तीन लाख रुपये काही महिन्यांत फिटू शकतात. मग परतण्याचे वचन म्हणजे केवळ तीन लाखांचे तिकीट का?

कायद्याच्या दृष्टीने जवळपास तसेच आहे, आणि हे मुलीला लपवून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून सही करण्याआधी वडिलांनी तिला एकटीला पेढीवर बोलाविले. "पैसे भरले की कागदातून सुटका होते. पण तुझ्यामागून त्या कंपनीत रजा मागायला जो जाईल, त्याला तुझे नाव घेऊन नकार मिळेल. राहायचेच मनात असेल तर आज राजीनामा दे, मी एका शब्दाने बोलणार नाही. परत यायचे असेल तरच सही कर."

तिने दोन दिवस घेतले. मग तिने कंपनीस एक वाक्य वाढवून मागितले: परत यावयाचे नाही असे ठरल्यास किमान साठ दिवस आधी कळवीन आणि त्यानंतर तीस दिवसांत रक्कम भरीन. मनुष्यबळ विभागास हे वाक्य सर्वांत जास्त आवडले. त्यांना खरी धास्ती पैशाची नव्हतीच. १ ऑक्टोबरच्या सकाळी रिकामी राहणारी खुर्ची ही त्यांची धास्ती होती.

हीच गोष्ट मालकाच्या बाजूने पाहिली की तिचा उपयोग दुप्पट होतो. त्याच उन्हाळ्यात पेढीतील तरुण दिवाणजीने खर्चलेखापालाच्या परीक्षेसाठी सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागितली. पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे त्याच्याकडून "परत येईन" असे तोंडी घेतले असते आणि तो न आल्यास वर्षभर नावे ठेवली असती. या वेळी एका पानावर लिहिले गेले: रजेच्या तारखा, परतल्यावरची जागा व पगार, बंधन एका वर्षाचे. बदली माणसाचा जादा खर्च सहा महिन्यांस मोजून छत्तीस हजार आला. दर महिन्याच्या सेवेने त्यातून तीन हजार कमी. जामीनदाराची ओळ रिकामीच ठेवली. खाली दोन सह्या झाल्या, आणि पहिली सही मालकाची होती.